टेलिकॉलिंगची स्क्रिप्ट वाचल्यासारखी वाटू नये म्हणून : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण आम्हांला स्क्रिप्ट नव्याने लिहून देण्यासाठी पाठविता, तेव्हा आम्ही तिच्यात नेमके काय बदलतो आणि काय बदलत नाही, हे आधीच स्पष्ट असावे म्हणून हे पत्रक दिले आहे. अवघड शब्द काढून सोपे घातले की काम झाले, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शब्द हा दुय्यम भाग आहे. समोरच्या माणसाला बोलायला जागा कोठे मिळते, हे ठरविणे हे या कामाचे खरे स्वरूप आहे.

नमुन्यादाखल पाण्याच्या फिल्टरची विक्री आणि सर्व्हिस करणाऱ्या एका स्थानिक विक्रेत्याचा फोन घेऊ. ग्राहकाच्या घरी मशीन आहे, वार्षिक देखभाल कराराची, म्हणजेच एएमसीची, मुदत संपत आली आहे आणि तो करार पुढे चालू करावा, एवढेच सांगायचे आहे. अशा फोनसाठी सर्वसाधारणपणे पुढील प्रकारचा मजकूर लिहिलेला असतो :

"नमस्कार, मी कंपनीच्या सेवा विभागातून बोलत असून, आपल्या निवासस्थानी बसविण्यात आलेल्या जलशुद्धीकरण यंत्राच्या वार्षिक देखभाल कराराची मुदत येत्या ३१ तारखेस संपुष्टात येत असल्याने, सदर कराराचे नूतनीकरण केल्यास आपणांस वर्षभरात तीन सर्व्हिस, तसेच सेडिमेंट व कार्बन फिल्टर विनामूल्य बदलून मिळतील, याची माहिती देण्याकरिता आपणांस दूरध्वनी करण्यात आला आहे."

कागदावर हे वाक्य शुद्ध आहे. परंतु मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि त्यामुळे फोन कशासाठी आला हे ऐकणाऱ्याला सर्वांत शेवटी कळते. डोळ्याने वाचणारा माणूस मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, फोनवर ऐकणाऱ्याला ती सोय नसते. "असून", "असल्याने", "केल्यास" या जोडांपैकी एकाही ठिकाणी वाक्य संपत नाही, म्हणून त्याला "हो", "बरं" किंवा "आत्ता नको" म्हणायलाही जागा मिळत नाही. मग तो एक तर गप्प राहतो, नाही तर मध्येच तोडतो. मध्ये तोडले की टेलिकॉलर गोंधळते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, आणि ती वाचते आहे हे त्याच क्षणी उघड होते. "निवासस्थानी" या शब्दाने जेवढे बिघडत नाही, तेवढे या एका गोष्टीने बिघडते.

त्याच मजकुराची आम्ही केलेली मांडणी अशी असते :

"नमस्कार, कुलकर्णी मॅडम बोलताय का?"
(थांबणे)
"मी फिल्टरच्या सर्व्हिसमधून बोलतेय. तुमच्या एएमसीसाठी फोन केला होता."
"या एकतीस तारखेला संपतेय ती."
(थांबणे)
"पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायची का, ते विचारायचं होतं. आत्ता बोलू का दोन मिनिटं?"

येथे फोनचे कारण दुसऱ्याच ओळीत येते. हे आम्ही जाणूनबुजून करतो. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करण्याचा नियम असल्यामुळे ग्राहक आधीच सावध असतो. अशा वेळी "आपण कसे आहात" वगैरे चौकशीत दोन ओळी घालविल्या, तर पुढचे ऐकण्याची त्याची तयारी राहत नाही. विक्रीचा फोन आहे हे लपविणारी सुरुवात आम्ही लिहून देत नाही. "फोन केला होता" आणि "विचारायचं होतं" या रूपांकडेही लक्ष द्यावे. फोन चालू असतानाच "केला होता" म्हणणे व्याकरणाच्या तासाला विचित्र वाटेल, पण मराठी माणूस फोनवर अदबीने बोलतो तो असाच.

या ओळी आम्ही टेबलाशी बसून रचत नाही. आपल्याकडील अनुभवी टेलिकॉलरला आम्ही जुना मजकूर वाचायला देतो, कागद काढून घेतो आणि तोच विषय शेजारणीला सांगावा तसा सांगायला लावतो. ते ध्वनिमुद्रित करून जसेच्या तसे उतरवून घेतो. त्यात अडखळणे असते, एकच गोष्ट दोनदा येते, एखादी अट राहून जाते. तरीही वाक्यांचे तुकडे कोठे पडतात आणि श्वास कोठे घेतला जातो, हे त्यातून अचूक कळते. अंतिम स्क्रिप्ट त्याच तुकड्यांवर बेततो. एका ओळीत एकच गोष्ट आणि एका श्वासात संपेल एवढीच लांबी, हे पथ्य आम्ही सहसा मोडत नाही. कागदावर ओळ समासापाशी नव्हे, तर श्वासापाशी तोडलेली असते, कारण ओळ मध्येच दुमडली की डोळा पुढची ओळ शोधतो आणि आवाज सपाट होतो.

उतरवून घेतलेल्या बोलण्यातील "अं", "म्हणजे", "ॲक्च्युअली" हे मात्र आम्ही काढून टाकतो. बोलणे नैसर्गिक वाटावे म्हणून हे शब्द स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. प्रत्येक फोनमध्ये त्याच जागी येणारे "अं" हे वाचण्याहूनही वाईट ऐकू येते. क्रियापदाची रूपे मात्र आम्ही टेलिकॉलरवर सोडतो. कोणी "बोलतेय" म्हणेल, कोणी "बोलते आहे". नागपूरच्या मुलीच्या तोंडी पुण्याची रूपे घातली, तर ती कितीही सराव करो, पाठ केल्यासारखेच वाटेल.

किमतीचा भाग वेगळ्या काळजीने लिहावा लागतो. "दोन हजार पाचशे रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी" असे म्हणून पुढे गेले, तर ग्राहक मनात हिशेब करीत बसतो आणि पुढच्या दोन ओळी त्याच्या कानावरून जातात. म्हणून आम्ही एकूण रक्कम आधी घालतो : "जीएसटी धरून दोन हजार नऊशे पन्नास." त्यानंतर थांबणे. तपशील विचारला तरच : "अडीच हजार, आणि वर साडेचारशे जीएसटी." एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर हे आकडे फोनवर एकमेकांसारखे ऐकू येतात, म्हणून किंमत ठरविणे आपल्या हाती असेल, तर शेवटी असे आकडे टाळावेत, अशी आमची सूचना असते.

आता या कामातील अडचणीच्या भागाकडे येतो. लांब वाक्यात बऱ्याच गोष्टी दडून राहतात. वरच्या मूळ मजकुरात सेडिमेंट आणि कार्बन फिल्टरचा उल्लेख आहे, आरओ मेंब्रेनचा नाही, आणि सगळ्यांत महाग भाग तोच असतो. वाक्य वाहते असते तेव्हा ही उणीव जाणवत नाही. ओळी सुट्या केल्या की "दोन्ही फिल्टर यात येतात" या ओळीनंतर ग्राहक थांबतो आणि "मेंब्रेन?" असे विचारतोच. म्हणून त्याने विचारण्याची वाट न पाहता आम्ही तेथेच एक ओळ घालतो : "मेंब्रेन यात धरलेलं नाही. ते लागलं तर त्याचे पैसे वेगळे." आमच्याकडून स्क्रिप्ट लिहून घेणाऱ्या काहींना ही ओळ पुसून टाकावीशी वाटते. तिच्यामुळे काही होकार त्या क्षणी कमी होतील, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ती नसेल तर होकार दिलेला तोच ग्राहक सर्व्हिसला आलेल्या मेकॅनिकशी दारात वाद घालतो आणि करार रद्द करण्यासाठी फोन करतो.

नकारांच्या उत्तरांतही हेच सूत्र आहे. "आमचा ओळखीचा माणूस आहे, तो करतो," असे ग्राहक म्हणाला की जुन्या स्क्रिप्टमध्ये अस्सल सुट्या भागांवरचा परिच्छेद सुरू होतो. त्याऐवजी आम्ही एक खरा प्रश्न देतो : "बरं. फिल्टर शेवटचा कधी बदलला त्यांनी?" उत्तर आले तर संभाषण पुढे जाते. पुन्हा नकार आला तर एकच ओळ : "ठीक आहे मॅडम. एकतीस तारखेपर्यंत काही लागलं तर सर्व्हिसला सांगा." तिसऱ्यांदा आग्रह करणारी ओळ आमच्या स्क्रिप्टमध्ये नसते. "पुन्हा फोन करू नका" असे कोणी म्हटले तर "तुमचा नंबर काढून टाकते" ही ओळ आहे, आणि तो नंबर यादीतून त्याच दिवशी खरोखर काढला जाईल, याची जबाबदारी आपली राहील. जाहिरातीचे फोन नकोत म्हणून ग्राहकाने १९०९ या क्रमांकावर नोंदविलेली नापसंती स्क्रिप्टच्या गोडव्याने पुसली जात नाही.

सगळी स्क्रिप्ट शब्दशः लिहून देणेही आम्ही टाळतो. सुरुवातीच्या ओळी, किंमत आणि अटी शब्दशः असतात. मधला भाग, म्हणजे वर्षात किती सर्व्हिस, मेकॅनिक कधी येतो, पैसे कसे भरायचे, हा केवळ मुद्द्यांचे दोन-तीन शब्द लिहून सोडलेला असतो, आणि तो प्रत्येकीने आपल्या शब्दांत सांगायचा असतो. नव्याने लागलेल्या टेलिकॉलरला हे पहिल्या आठवड्यात जड जाते. तिच्यासाठी पूर्ण लिहिलेली वेगळी प्रत देतो आणि ती नंतर काढून घेण्यास सांगतो.

विमा, कर्ज किंवा तत्सम व्यवहारांत कायदेशीर विभागाने ठरवून दिलेला जाहीर मजकूर असेल, तर त्यातील एकही शब्द आम्ही बदलत नाही. तेथे त्याच्या आधी एक प्रामाणिक ओळ घालतो : "आता एक मजकूर मला वाचूनच दाखवायचा आहे, अर्धा मिनिट लागेल." वाचतो आहोत हे सांगून वाचले, तर ते खटकत नाही.

तयार स्क्रिप्टची चाचणी सोपी आहे आणि ती आपणही घेऊ शकता. टेलिकॉलरला एका खोलीत आणि कार्यालयातील दुसऱ्या कोणाला तरी शेजारच्या खोलीत बसवून खरोखर फोन लावावा. ऐकणाऱ्याने ग्राहकासारखे बोलावे, मध्येच तोडावे, आणि जेथे वाचल्यासारखे वाटले ती ओळ कागदावर खुणावून ठेवावी. समोरासमोर बसून घेतलेली चाचणी फसवी असते, कारण चेहरा दिसत असला की आवाजातील सपाटपणा कानाला कमी जाणवतो. एकच ओळ दोघा-तिघांनी खुणावली असेल, तर दोष टेलिकॉलरचा नसून ओळीचा आहे असे समजून ती आमच्याकडे परत पाठवावी.

रोज तीच वाक्ये म्हणून चांगल्या ओळींनाही काही आठवड्यांनी चाल लागते, विशेषतः पहिल्या दोन ओळींना. म्हणून सुरुवातीचे तीन वेगवेगळे पर्याय आम्ही पहिल्याच वेळी लिहून देतो. ते टेलिकॉलरनी आळीपाळीने वापरावेत.

काम सुरू करण्यासाठी आपली सध्याची स्क्रिप्ट, दरपत्रक, कराराच्या अटी आणि काही फोनची ध्वनिमुद्रणे आम्हांला लागतात. ध्वनिमुद्रणांत होकार आलेल्या फोनइतकेच मध्येच तुटलेले फोनही असावेत. ग्राहकांची नावे आणि क्रमांक काढूनच ती पाठवावीत.