रोजची प्रॉडक्शन वही (वर्कशॉप)

वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या छोट्या टर्निंग शॉपमध्ये प्रत्येक मशीनपाशी एक वही नाहीतर क्लिपबोर्डला लावलेला कागद असतो, त्यात ऑपरेटरने किती पीस काढले, किती भंगारात गेले आणि किती रिवर्कला, म्हणजे परत मशीनवर सुधारायला, ठेवले हे लिहायचं असतं, तीच ही वही. दिसायला सोपं काम, पण घोळ जवळपास नेहमी रिवर्कच्या रकान्यातच होतो.

उदाहरण म्हणून 25 मिमी बाहेरच्या व्यासाचा, 40 मिमी लांबीचा स्टीलचा बुश घेऊ. कापायला 3 मिमी धरले की एका पीसला 43 मिमी लागतात, 3 मीटरच्या बारचं शेवटचं 100 मिमी चकमध्ये अडकून वाया जातं, म्हणजे एका बारचे 67 पीस आणि तीन बारचे 201. समजा त्यातले 180 पहिल्याच फटक्यात ओके, 6 भंगार, 15 रिवर्कला. दुसऱ्या दिवशी त्या 15 मधले 12 सुधारले, 3 गेले. शेवटी माल 192, भंगार 9, हिशोब जुळला.

आता ऑपरेटरने पहिल्या दिवशी भंगार वजा करून 195 लिहिले आणि रिवर्कवाल्याने दुसऱ्या दिवशी आपले 12 "प्रॉडक्शन" म्हणून टाकले तर बेरीज होते 207, आणि तीन बारमधून 207 पीस निघूच शकत नाहीत! म्हणून वही पडताळायची ती स्टोअरमधून दिलेल्या बारवरून, आणि रिवर्कच्या पीसचा हिशोब ते ज्या तारखेला बनले त्याच तारखेच्या ओळीत मिटवायचा, नवीन उत्पादन म्हणून कधीच नाही. 192 बघून मालक खूश होतो, पण शॉपची खरी तब्येत 180 सांगतो, म्हणजे साधारण 90 टक्के, कारण बाकीच्या 12 साठी मशीन दोनदा चाललं.

रिवर्क कशाला म्हणायचं हेही ठरलेलं हवं. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर परत टर्न करता येतो, लहान झाला की भंगार. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, नेमकं उलटं. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टीप, झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, त्यामुळे दर तासाला नोंद असेल तर दुपारनंतर रिवर्क चढताना दिसतो आणि इन्सर्ट कधी बदलायचा ते कळतं. एकदम लहान पीस आले तर बहुतेक कोणीतरी मशीनवर टूलचा ऑफसेट जास्त दिलेला असतो. सेटिंगचे दोन-तीन पीस वेगळे लिहायचे, नाहीतर ते उगाच ऑपरेटरच्या नावावर चढतात.

शिफ्ट सुटताना आठवून भरलेली वही लगेच ओळखू येते, दर तासाला 25, 25, 25, अगदी जेवणाच्या तासालासुद्धा. आणि पीसवर इन्सेन्टिव्ह असेल तर खराब पीस वहीत येतच नाहीत, ते मशीनखालच्या बुराद्यात सापडतात, तिथे एकदा हात घालून बघा.