गुडघ्याच्या वाटीखालचं टेंगूळ: प्लास्टरपासून मोजक्या खेळापर्यंत

वाढत्या वयातल्या खेळाडू मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, एक टणक आणि हात लावला की दुखणारं टेंगूळ येतं. १८९५मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि त्याच्या आत काय घडतंय हे डॉक्टरांना दिसू लागलं. १९०३मध्ये बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लॅटर यांनी स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं. आजही या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर असंच म्हणतात.

मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या उंचवट्याला जोडलेला असतो. या वयात तो उंचवटा पुरता हाड झालेला नसतो, तिथे मऊ कूर्चा असते. धावताना, उडी मारताना ती पुन्हा पुन्हा ओढली जाते, सुजते, आणि तिथे जास्तीचं हाड धरतं. मुलींमध्ये हे साधारण ८ ते १२ आणि मुलांमध्ये १२ ते १५ या वयात दिसतं.

कारण ओढ आहे म्हटल्यावर ती थांबवायची, म्हणून पुढे कित्येक मुलांचे पाय प्लास्टरमध्ये घातले गेले. त्याने दुखणं शमायचं, पण मांडी बारीक व्हायची आणि मूल मैदानावर परतलं की तोच स्नायू कमजोर. माझ्या मते आपल्याकडे अजूनही सहज दिला जाणारा ‘खेळ पूर्ण बंद’ हा सल्ला त्याच विचाराचा आहे.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांना १२ आठवडे वेगळ्या वाटेने नेलं: आधी भार कमी, मग मांडीची ताकद, मग टप्प्याटप्प्याने खेळ. १२ आठवड्यांनी ८० टक्के मुलांना चांगला फरक वाटला, पण खेळात परतलेली होती फक्त १६ टक्के. वर्षभराने हा आकडा ६९ टक्क्यांवर गेला. पालकांनी आणि प्रशिक्षकांनी धीर धरायचा तो इथे.

समजा, खो-खो खेळणारा १३ वर्षांचा मुलगा आहे. चौकोनात उकिडवं बसणं आणि खो मिळताच उसळून धावणं, दोन्हींत ओढ त्याच जागी बसते. पहिले चार आठवडे हे दोन्ही बंद. चालणं, हलकी सायकल चालू. पाठीवर झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि तो दाबत मांडी आवळून धरायची. नंतर भिंतीला टेकून अर्धं बसणं, मग सरळ रेषेत धावणं, आणि उकिडवं बसून उठणं अगदी शेवटी. दुखणं दहापैकी दोनपर्यंत असेल तर चालेल; पाचच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं, तर एक पायरी मागे यायचं.

उडी मारताना ‘कट्’ आवाज होऊन पाय सरळ उचलताच येईना, तर उंचवटा तुटलेला असू शकतो; त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा ताप असेल, तर तेही वेगळ्या आजाराचं लक्षण असू शकतं, तपासून घ्यावं. एरवी वाढ पूर्ण झाली की दुखणं बहुतेकांचं जातं. टेंगूळ मात्र अनेकांना राहतं, आणि गुडघे टेकून बसताना कधी कधी टोचतं.