स्पर्शिकेच्या नावाखाली दडलेला चढ

"सर, एकतर माझा कोनमापक चुकलाय, नाहीतर पुस्तक." विद्यार्थिनीने वही माझ्यापुढे जवळजवळ आपटलीच. आलेखावर (१, २) आणि (५, ५) या बिंदूंतून जाणारी रेषा होती. चढ तिने बरोबर काढला होता: वर ३, आडवं ४, म्हणजे ०.७५. मग X-अक्षाशी होणारा कोन मोजला, तो आला साडेवीस अंश. त्याचा टॅन ०.३७ च्या आसपास. "चढ म्हणजे टॅन, असं नुसतं पाठ करायचं का? आणि टॅन म्हणजे टॅन्जंट, म्हणजे स्पर्शिका. वर्तुळाला टेकणाऱ्या रेषेचा या तिरक्या रेषेशी संबंध काय?"

तिचा वैताग रास्त होता. ही कल्पना फार जुनी आहे आणि तिला मिळालेलं नाव बऱ्याच उशिराचं. गोंधळ त्या नावातून होतो. म्हणून आलेख बाजूला ठेवला आणि मागून सुरुवात केली.

इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा, इजिप्तमधला ऱ्हिंड पपायरस हा गणिताच्या उदाहरणांचा संग्रह आहे. त्यातलं एक उदाहरण असं: पिरॅमिडच्या पायाची बाजू ३६० हात, उंची २५० हात, तर त्याचा 'सेकेद' किती? सेकेद म्हणजे एक हात वर चढताना पिरॅमिडची बाजू किती मुठी आत सरकते ते माप. त्यांचा एक हात सात मुठींचा. मी म्हटलं, "काढ."

"पायाचा अर्धा १८०. भागिले २५०, गुणिले ७..." तिने आकडेमोड केली. "५.०४."

पपायरसमधलं उत्तर पाच पूर्णांक एक पंचविसांश, म्हणजे तेच.

"पण हे उलटं आहे. आडवं भागिले उभं."

"उलटंच आहे. पण तुझा चढ यातच आहे, आणि अंशांचा पत्ता नाही. गवंड्याला अंश लागत नव्हते."

कोन आला तो आकाश पाहणाऱ्यांमुळे. भारतीय ज्योतिषात बारा अंगुळांचा शंकू उभा करून त्याची सावली मोजत. नवव्या शतकात बगदादमधल्या हबश अल-हासिबने सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे त्यानुसार सावल्यांचं कोष्टक केलं. सावल्या दोन प्रकारच्या धरत. उभ्या काठीची जमिनीवर पडते ती एक. दुसरी जरा गमतीची: भिंतीतून आडव्या बाहेर आलेल्या काठीची सावली भिंतीवर खाली उतरते. ही दुसरी मी तिला काढायला लावली. काठी ४ एकक लांब, सावली ३ एकक. काठीच्या टोकाकडून येणारा किरण ४ आडवा जाताना ३ खाली येतो.

"३ भागिले ४. माझ्या रेषेसारखंच." आवाजातली धार जरा कमी झाली होती.

मग राहिला वर्तुळाचा प्रश्न. १५८३ मध्ये डॅनिश गणिती थॉमस फिंके याने या राशीला 'टॅन्जंट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ स्पर्श करणारी. भूमितीच्या दृष्टीने नाव चोख आहे, पण चढाचा विचार करणाऱ्याला ते वाट चुकवतं, असं माझं मत. मी एक त्रिज्येचं वर्तुळ काढलं, उजव्या टोकाला टेकणारी उभी रेषा काढली आणि केंद्रातून एक तिरका किरण त्या रेषेपर्यंत नेला.

"स्पर्शिकेचा खालून कापला गेलेला तुकडा, तोच टॅन. आता सांग, केंद्रापासून त्या रेषेपर्यंत आडवं किती गेलीस?"

"एक. त्रिज्याच ती."

"आणि वर?"

ती थांबली. पेन्सिल उभ्या तुकड्यावरून दोनदा फिरली. "वर टॅन. एक आडवं गेलं की टॅन वर. सर, हा तर चढच झाला! भागायचीसुद्धा गरज नाही, खाली एकच आहे." मग स्वतःहूनच म्हणाली, "आणि नव्वद अंशांना किरण या रेषेला समांतर जाईल, कापणारच नाही. म्हणून उभ्या रेषेला चढ नसतो होय!"

मी तिची पहिली वही परत उघडली. "अक्षांवरचं प्रमाण वाच."

X-अक्षावर १ सेंमी म्हणजे १ एकक. Y-अक्षावर १ सेंमी म्हणजे २ एकक. कागदावर उभी उंची निम्मी दबली होती, म्हणून कोनमापकाने दिलेला टॅनही निम्मा आला. चढ आकड्यांतून काढला होता, त्याला प्रमाणाची झळ लागली नाही. दोन्ही अक्षांवर सारखं प्रमाण असलं तरच कोनमापकाचा कोन खरा.

तिने नवीन पान घेतलं, दोन्हीकडे १ सेंमीला १ एकक धरून रेषा काढली आणि कोनमापक ठेवला. सदतीस अंशांच्या किंचित अलीकडे.

"टॅन ०.७५," ती म्हणाली, आणि जुन्या आलेखावर प्रमाणाभोवती लाल गोल केला.