आई-बाबांच्या गाण्यांची संध्याकाळ : यादी देण्यापूर्वी कृपया वाचावे

लग्नाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या वाढदिवसाला घरीच, मोजक्या माणसांत, आई-बाबांच्या तरुणपणीची गाणी लावून एक संध्याकाळ काढावी, अशी मागणी घेऊन बेळगावातील आमच्या शहापूरच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक त्यांची मुले किंवा नातवंडे असतात. सोबत यादी असते, बहुधा मोबाइलवर, चाळीस-पन्नास गाण्यांची, आणि कार्यक्रम दोन-तीन दिवसांवर आलेला असतो. आम्ही ती यादी पाहून बरेच प्रश्न विचारतो, तेव्हा काहींना वाटते की आम्ही उगाच वेळ लावतो. ते प्रश्न कशासाठी असतात, हे एकदा नीट सांगावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

सर्वांत जास्त वेळ एकाच चुकीने जातो. मुले यादी ‘जुनी गाणी’ म्हणून करतात, पण ती त्यांच्या स्वतःच्या लहानपणी घरात वाजलेली असतात. आई-बाबांचे लग्न ठरण्याचे दिवस त्याच्या आधीचे असतात. गेल्या वर्षी आलेल्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. बाबा खानापूरचे आणि आई शहापूरची. साखरपुडा 1965च्या गणपतीनंतर झाला आणि लग्न 1966च्या मे महिन्यात. मुलाने आणलेल्या बेचाळीस गाण्यांपैकी सत्तावीस गाणी 1970नंतरच्या चित्रपटांतील होती, म्हणजे हे दोघे संसाराला लागून, पहिले मूल झाल्यानंतरची. गाणी उत्तमच होती, पण त्यांत ते आठ महिने कोठेच नव्हते.

‘तुम्हांला कोणती गाणी आवडतात’ असे आई-बाबांना विचारले, तर ‘काहीही लाव, सगळी चांगलीच आहेत’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून आम्ही गाण्याबद्दल विचारत नाही. रेडिओ कोणाच्या घरी होता, तो कोठे ठेवलेला असे, कोणत्या वेळी लावत आणि तो बंद करायला कोण सांगे, असे विचारतो. वरील घरातील आईंनी सांगितले की त्यांच्याकडे रेडिओ नव्हता, तो शेजारच्या काकूंच्या ओसरीवर होता, आणि बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागली की त्या भांडी तशीच ठेवून तेथे जाऊन बसत. बाबांनी खानापुराहून पत्रात लिहिले होते की बुधवारी मीही ऐकत असतो. भेट महिनोन्‌महिने होत नसे, पण त्या एका तासात दोघेही एकच गाणे ऐकत आहेत, हे दोघांना ठाऊक असे. एवढे कळल्यावर आमचे काम सोपे झाले. 1963च्या ‘ताजमहाल’मधील ‘जो वादा किया’ आणि 1965च्या ‘गाइड’मधील ‘तेरे मेरे सपने’ ही दोन गाणी नक्की झाली आणि बाकीची त्यांच्या आजूबाजूला बसवली.

केवळ चित्रपटाचे साल पाहून भागत नाही, हेही येथे सांगायला हवे. शहरात लागलेला चित्रपट तालुक्याच्या गावी फिरत्या टॉकीजमधून पुष्कळ उशिरा येत असे, तर गाणे मात्र रेडिओवरून आधीच पोचलेले असे. म्हणून खेड्यातील घरांसाठी आम्ही साखरपुड्याच्या आधीची तीन-चार वर्षेही धरतो. आपल्या भागातील कित्येक मराठी घरांत धारवाड आकाशवाणीही लागत असे, त्यामुळे एखादे कन्नड भावगीत किंवा पी. बी. श्रीनिवास यांनी राजकुमार यांच्यासाठी गायलेले एखादे गाणे आठवणीत बसलेले असते. मुलांच्या यादीत ते कधीच नसते. याबद्दल आवर्जून विचारावे.

दुसरी गोष्ट शब्दांची. चाल गोड आहे म्हणून गाणे प्रसंगाला शोभेलच असे नाही. ‘तोच चंद्रमा नभात’ हे शांताबाई शेळके यांचे गीत सुधीर फडके यांच्या आवाजात फार लोकप्रिय आहे आणि दर दुसऱ्या यादीत असते, पण त्यातील तक्रार अशी आहे की चंद्र तोच, रात्र तीच, माणसेही तीच, आणि तरी पूर्वीची प्रीती आता नाही. 1960च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’मधील ‘अजीब दास्ताँ है ये’ हे गाणे तर आपल्या माणसाचे लग्न दुसरीशी झाल्यानंतरचे आहे. साठ वर्षे एकत्र काढलेल्या जोडप्यासमोर ही गाणी लावताना आमचा हात अडखळतो. दोघांपैकी कोणी स्वतःहून मागितले, तर मात्र आम्ही विनातक्रार लावतो, कारण त्यामागचे कारण त्यांचे त्यांना माहीत असते.

यादीत फक्त गाण्याची पहिली ओळ लिहिलेली असली, तर आणखी घोटाळा होतो. 1961च्या ‘जंगली’मधील ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ हे रफींनीही गायले आहे आणि लतादीदींनीही. ‘शुक्रतारा मंद वारा’ मूळ ध्वनिमुद्रणात अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजात आहे, तर कार्यक्रमांतून दातेसाहेबांनी ते पुढे इतर गायिकांबरोबरही गायले. मुलांना फरक जाणवत नाही. मात्र ज्यांनी ते गाणे त्या वयात ऐकले, त्यांना पहिल्या ओळीतच कळते आणि चेहऱ्यावर दिसते.

इंटरनेटवरून उतरवलेली गाणी आम्ही शक्यतो का घेत नाही, हाही नेहमीचा प्रश्न आहे. चित्रपटाच्या व्हिडिओवरून काढलेले गाणे पुष्कळदा सुमारे चार टक्के वेगाने धावते, कारण चित्रपटाच्या सेकंदाला 24 चौकटी असतात आणि आपल्याकडील टीव्हीच्या पद्धतीत त्या 25ने दाखवल्या जातात. तीन मिनिटांचे गाणे सात सेकंद आधी संपते आणि आवाज किंचित चढा, बारीक लागतो. उलट जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून पडद्यावरील एखादा अंतरा तबकडीत गाळलेला असे. रेडिओवर तबकडीच वाजत असल्याने आई-बाबांच्या कानांत ते छोटे रूपच असते. आमच्याकडे तबकड्यांचा संग्रह आहे आणि त्यांवरून योग्य वेगात गाणे उतरवून देण्याची सोयही आहे. त्याचे पैसे वेगळे घेत नाही.

दोन तासांसाठी बारा ते चौदा गाणी पुरतात. प्रत्येक गाण्यानंतर निदान चार-पाच मिनिटे काहीही लावायचे नाही, हा आमचा नियम आहे, कारण बोलणे तेव्हाच होते. स्पीकर दोघांच्या समोर, पाच-सहा फुटांवर, बसल्यावर कानाच्या उंचीला ठेवतो आणि खर्ज कमी करतो. वय वाढले की वरचे स्वर आधी कमी ऐकू येतात, त्यात खर्ज वाढवला की शब्द बुडतात. आवाज मोठा केल्याने हे सुधारत नाही.

तेव्हा कार्यक्रमाच्या निदान आठ दिवस आधी यावे. लग्नाचे साल, साखरपुड्याचा महिना, दोघांची गावे आणि रेडिओची हकिगत एवढे आणले, तर यादी नसली तरी चालेल. आई-बाबांना स्वतः भेटायला आम्ही बेळगाव शहरात विनामूल्य घरी येतो. खानापूर, निपाणीकडे यायचे असल्यास फक्त जाण्यायेण्याचा खर्च घेतो. जुनी पत्रे असतील तर ती आम्हांला दाखवू नयेत, पण त्या संध्याकाळी हाताशी ठेवावीत. वर सांगितलेल्या घरात ‘जो वादा किया’ संपल्यावर बाबा उठून आत गेले आणि कपाटातून एक निळे अंतर्देशीय पत्र घेऊन आले. पुढची तीन गाणी राहून गेली आणि कोणालाही त्यांची आठवण झाली नाही.