बाह्य ऑडिटची प्रारंभिक बैठक

बाहेरच्या संस्थेचे ऑडिटर प्रत्यक्ष तपासणीला हात घालण्यापूर्वी व्यवस्थापन आणि विभागप्रमुखांसोबत घेतात ती औपचारिक बैठक. कारखान्यात तिला ‘ओपनिंग मीटिंग’ असेच म्हणतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना आयएसओ/आयईसी १७०२१-१ या मानकानुसार ती घ्यावीच लागते. या नोंदीत आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या पहिल्या प्रमाणीकरणातील दुसऱ्या टप्प्याच्या ऑडिटपुरता विचार केला आहे. पहिल्या टप्प्यात ऑडिटर कंपनीची तयारी पाहतो, तर दुसऱ्यात काम खरोखर सांगितल्याप्रमाणे चालते का ते तपासतो.

बैठक साधारण अर्ध्या तासाची असते. तिची फलनिष्पत्ती मात्र आधीच्या दोन-तीन आठवड्यांत काय ठरले यावर अवलंबून असते. ऑडिटचा आराखडा आणि तारखा दोन्ही बाजूंनी आधी मान्य करायच्या असतात. पथकात कोण येणार ते कंपनीला पुरेसे आधी कळवले जाते, कारण एखाद्या ऑडिटरबद्दल रास्त आक्षेप, उदाहरणार्थ तो पूर्वी इथेच सल्लागार होता असा, नोंदवण्याचा कंपनीला हक्क असतो. हा आक्षेप बैठकीच्या टेबलावर आला तर उशीर झालेला असतो.

वेळ ठरवणे. चाकण भागातील, वाहनांचे सुटे भाग मशिनिंग करून देणारा एक कारखाना उदाहरणादाखल घेऊ. अर्जात मनुष्यबळ ११० लिहिले आहे. प्रमाणीकरण संस्था ज्या आंतरराष्ट्रीय कोष्टकावरून ऑडिटचा कालावधी काढतात, त्यात ८६ ते १२५ माणसांसाठी दोन्ही टप्पे मिळून ७ ऑडिटर-दिवस हा आरंभबिंदू धरला आहे. त्यातला एक दिवस पहिल्या टप्प्यात गेला आणि एक तयारी व अहवालासाठी ठेवला. उरलेले पाच दिवस म्हणजे दोन ऑडिटर अडीच दिवस. पुणे परिसरातल्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे सोमवारी सुरू करून बुधवारी दुपारी संपवणे इथे सोयीचे. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत डिस्पॅचची घाई असते आणि स्टोअरचा माणूस ऑडिटरसमोर उभा राहू शकत नाही.

पहिली शिफ्ट सातला सुरू होत असेल तर बैठक साडेनऊला ठेवतात. तोवर मशिनचे सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी उरकलेली असते आणि सुपरवायझरला जागा सोडता येते. सातलाच बैठक बोलावली तर ऑडिटरला जे पाहायचे आहे तेच काम खोळंबते.

उपस्थिती. मालक किंवा प्लँट हेड यांनी बसायलाच हवे, कारण व्याप्ती आणि तारखांना मान्यता देण्याचा अधिकार त्यांचा. त्यांच्यासोबत उत्पादन, गुणवत्ता, मेंटेनन्स, खरेदी, स्टोअर, डिस्पॅच आणि एचआर यांचे प्रमुख पुरेत. सगळ्याच सुपरवायझरांना हॉलमध्ये बसवले तर शॉप फ्लोअर ओस पडतो. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ‘एमआर’ म्हणजे व्यवस्थापन प्रतिनिधी हे पद बंधनकारक राहिलेले नाही, तरी बहुतेक कारखान्यांत समन्वयाचे काम तीच व्यक्ती करते. त्यात काही वावगे नाही. फक्त प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एमआरनेच देऊ नये.

सल्लागाराला निरीक्षक म्हणून बसता येते, पण ते आधी मान्य करून घ्यावे लागते आणि ऑडिटमध्ये त्याने हस्तक्षेप करायचा नसतो. प्रत्येक ऑडिटरसोबत एक मार्गदर्शक हवा. तो वाट दाखवतो, सुरक्षेचे नियम सांगतो, हव्या त्या माणसाला बोलावतो. ऑपरेटरच्या वतीने उत्तरे देणे हे त्याचे काम नाही. भाषेचा मुद्दाही इथेच निकाली काढावा. आराखडा आणि अहवाल इंग्रजीत असतात, मशिनवरचा माणूस मराठीत किंवा हिंदीत बोलतो. ऑडिटरला ती भाषा येत नसेल तर मार्गदर्शक कोण, याचा निर्णय त्यावरून बदलतो.

कागदपत्रे. बैठकीच्या टेबलावर फायलींचा ढीग नको. लागतात त्या मोजक्या गोष्टी: प्रमाणपत्रावर छापायच्या व्याप्तीचे वाक्य, विभागांचा तक्ता, अंतर्गत ऑडिटचा अहवाल, व्यवस्थापन आढाव्याचे इतिवृत्त आणि पहिल्या टप्प्यात दाखवलेल्या त्रुटींवर काय केले त्याचा पुरावा. कॅलिब्रेशनचे दाखले, ग्राहकांच्या तक्रारी, पुरवठादारांचे मूल्यमापन, प्रशिक्षणाच्या नोंदी या ज्या त्या विभागातच राहू द्याव्यात. ऑडिटर नमुना स्वतः निवडतो. आधीच काढून ठेवलेला निवडक गठ्ठा त्याला उपयोगाचा नसतो, उलट शंका निर्माण करतो.

विभागांत प्रवेश. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. गेटवरच्या ठेकेदाराच्या सुरक्षारक्षकाला नावे माहीत नसतात, लॅपटॉपचा पास निघालेला नसतो, पाहुण्यांसाठी ठेवलेले सेफ्टी शूज एकाच मापाचे असतात. तपासणी कक्षाची किल्ली ज्याच्याकडे, तो रजेवर. म्हणून आराखड्यातील प्रत्येक ठिकाणासमोर किल्ली कोणाकडे आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, हे लिहून काढावे. ईआरपीमधल्या नोंदींसाठी फक्त पाहण्यापुरते लॉगिन द्यावे, किंवा वापरणाऱ्यानेच स्क्रीनवर दाखवावे. एखाद्या ग्राहकाच्या नव्या भागाचे ड्रॉइंग गोपनीय असेल तर बंधन आधी कळवावे. ऑडिटर त्यावर दुसरा मार्ग काढू शकतो, पण ऐनवेळी दार बंद दिसले तर त्याला त्याची नोंद करावी लागते. दुसरी आणि रात्रपाळीही कक्षेत येते. साडेतीनला शिफ्ट बदलताना एक ऑडिटर फ्लोअरवर असावा आणि त्या वेळी मार्गदर्शकही हजर असावा, हे आराखड्यातच धरलेले बरे.

बैठकीत काय घडते. ओळख झाल्यावर प्रमुख ऑडिटर उद्देश, व्याप्ती, निकष आणि वेळापत्रक वाचून खात्री करून घेतो. तपासणी नमुन्यावर आधारलेली आहे, निष्कर्षांची प्रतवारी कशी होते, कोणत्या परिस्थितीत ऑडिट मध्येच थांबू शकते, गोपनीयता कशी पाळली जाईल, हे सांगतो. आग लागली तर कुठे जमायचे हे मात्र कंपनीने सांगायचे असते.

आपल्या उदाहरणातला कारखाना इथे अडकतो. मनुष्यबळ विचारल्यावर एचआर प्रमुख सांगतात, “कायम ११०, आणि ठेकेदाराचे ३०.” ठेक्यावरची माणसेही त्याच मशिनवर, त्याच पाळ्यांत काम करतात, म्हणून ती गणनेत येतात. १४० माणसे म्हणजे १२६ ते १७५ चा गट, आणि तिथे आरंभबिंदू ८ दिवसांचा. प्रमुख ऑडिटरला आपल्या संस्थेशी बोलून वेळ वाढवून घ्यावा लागतो. वाढलेला एक ऑडिटर-दिवस म्हणजे दोन्ही ऑडिटरांचा आणखी अर्धा दिवस, म्हणून बुधवारी दुपारी संपणारे काम संध्याकाळपर्यंत लांबते. व्याप्तीचेही असेच होते. अर्ज भरल्यानंतर रंगकामाची शेड सुरू झाली आणि कोणी कळवलेच नाही, तर ती प्रक्रिया पाहण्याचे कौशल्य पथकात आहे का, इथपासून विचार करावा लागतो. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकासह माणसांची पाळीनिहाय यादी तारीख ठरवतानाच पाठवली असती, तर आकड्यांचा घोळ पंधरा दिवस आधीच सुटला असता.

बदल ठरले की सुधारित वेळापत्रकाच्या प्रती विभागप्रमुखांना दिल्या जातात आणि उपस्थितीपत्रकावर सह्या होतात. त्यानंतर बहुधा प्रमुख ऑडिटर प्लँट हेडशी गुणवत्ता धोरण व उद्दिष्टांबद्दल बोलायला बसतो आणि दुसरा ऑडिटर मार्गदर्शकासोबत माल-आवक विभागाकडे निघतो.