स्वल्पविराम व पदक्रम (दस्तऐवजातील)

करारातील स्वल्पविराम किंवा एखादे पद जागचे हलले की जबाबदारी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. मराठीत क्रियाविशेषण अनेकदा वाक्याच्या आरंभी येते. ते जवळच्या धातुसाधिताला लागू करायचे की शेवटच्या क्रियापदाला, हे मग वाचणाऱ्यावर राहते. बोलताना जरासे थांबून हा घोळ मिटतो, कागदावर तो तसाच राहतो.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षसौद्यातले म्हणून एक कल्पित कलम घेऊ: ‘गाडी भरताना तडा गेलेले मणी खरेदीदार नाकारू शकेल.’ हे सलग वाचले तर भरणीत, हाताळणीमुळे तडकलेले मणी नाकारता येतात. अवकाळी पावसाने वेलीवरच तडकलेल्या मण्यांबद्दल कलम गप्प आहे. ‘भरताना’नंतर स्वल्पविराम दिला की ते पद ‘नाकारू शकेल’शी जुळते. तडा कशानेही गेलेला असो, नाकारायचे ते गाडी भरतानाच. समजा, 4,000 किलो माल 30 रुपये भावाने गेला आणि पोहोचल्यावर व्यापाऱ्याने 400 किलो तडकलेला म्हणून कापला. वाद 12,000 रुपयांचा. दुसऱ्या वाचनात ही कपात उशिराची ठरते. पहिल्या वाचनात वेळेची मर्यादाच नाही, पण मणी भरणीतच तडकले हे व्यापाऱ्याला दाखवावे लागेल, आणि प्रवासानंतर ते सोपे नाही.

न्यायालयांनीही स्वल्पविरामाला वजन दिले आहे. मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1979) या खटल्यात प्रश्न औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम 27 चा होता. त्यातील तेव्हाचे इंग्रजी शब्द क्रमाने असे: साठवणे, किंवा, मांडणे, विक्रीसाठी. ‘साठवणे’नंतर मूळ मजकुरात स्वल्पविराम नव्हता (इथला आमचा). त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ‘विक्रीसाठी’ हे पद दोन्ही क्रियांना लावले; नुसता साठा या कलमाखाली गुन्हा ठरला नाही. मराठी अनुवादकाला मात्र ही संदिग्धता जपताच येत नाही. ‘विक्रीसाठी साठवणे किंवा मांडणे’ आणि ‘साठवणे किंवा विक्रीसाठी मांडणे’ यांतला एक पर्याय निवडूनच लिहावे लागते.

याला मर्यादा आहे. विरामचिन्हे हा अर्थ लावण्यातला गौण घटक असल्याचे त्याच न्यायालयाने अश्विनी कुमार घोष खटल्यात (1952) म्हटले होते. शब्द स्पष्ट असतील तर चिन्हाने ते फिरत नाहीत. शब्द दोन्हीकडे झुकत असतील तेव्हाच त्याचा कस लागतो. शिवाय झेरॉक्समध्ये पुसट झालेला किंवा पुन्हा टाइप करताना गळालेला स्वल्पविराम कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मसुदा लिहिणारा चिन्हावर विसंबत नाही, पदच हलवतो: ‘तडा गेलेले मणी, तडा कशानेही गेला असला तरी, खरेदीदार गाडी भरतानाच नाकारू शकेल, गाडी निघाल्यावर कपात करता येणार नाही.’ यातले सगळे स्वल्पविराम खोडले तरी अर्थ तोच राहतो.