फ्लॅट विकायचाय? सोसायटीला एनओसीचं पत्र कसं द्यायचं

आधी एक बघून घ्या, तुमची बिल्डिंग सोसायटी आहे का अपार्टमेंट. संभाजीनगर, नांदेडकडं बऱ्याच बिल्डिंगा डीड ऑफ डिक्लरेशनवाल्या अपार्टमेंट असतात, तिथं नियम वेगळे. खालचं सगळं रजिस्टर्ड सहकारी सोसायटीपुरतं.

आता खरं सांगायचं तर मॉडेल उपविधी ३८ नुसार शेअर ट्रान्सफर करायला सोसायटीची एनओसी लागतच नाही. पण घेणाऱ्याची बँक ती मागते, त्याशिवाय लोन पुढं सरकत नाही, म्हणून पत्र द्यावंच लागतं, आणि ते मिळाल्यावर कमिटीनं एक महिन्यात निर्णय घ्यायचा असतो.

माझ्या मावसभावानं गारखेड्यातला फ्लॅट विकला तेव्हा सेक्रेटरी नुसतं "बघू, मीटिंगमधी ठेवतो" म्हणत राहिले. त्यानं तोंडीच सांगितलं होतं ना, मग महिना मोजायचा कुठून? शेवटी दोन प्रतीत पत्र दिलं, एका प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेतली. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पोचपावती लावून पाठवा. पत्रात एवढंच होतं:

"माझ्या नावे फ्लॅट क्र. __, शेअर सर्टिफिकेट क्र. __ आहे. सदर फ्लॅट श्री. __ यांना विकण्याचे ठरले असून त्यांच्या बँकेस ना-हरकत प्रमाणपत्र हवे आहे. माझ्याकडे __ पर्यंत मेंटेनन्स बाकी नाही. बँकेचा नमुना सोबत जोडला आहे, कृपया त्यानुसार प्रमाणपत्र द्यावे."

बँकेचा नमुना जोडायला विसरू नका, नाहीतर सोसायटी आपल्या मनानं दोन ओळी लिहून देते अन् बँक तो कागद परत पाठवते. सोबत शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, शेवटची मेंटेनन्सची पावती आणि सौदा झाला असेल तर इसारपावती लावा. तुमचंच लोन चालू असेल तर तुमच्या बँकेचंही पत्र लागेल. ट्रान्सफरची १५ दिवसांची नोटीस वेगळी द्यायची असते, एनओसीचं पत्र म्हणजे ती नोटीस नव्हे, इथं लई जण गल्लत करतात.

पैशाचं म्हणाल तर भावाला "बिल्डिंग फंडाला पन्नास हजार द्या" म्हणले होते. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, ट्रान्सफर फी ५००, नव्या मेंबरची प्रवेश फी १००. त्यावर डोनेशनच्या नावाखाली सक्ती करता येत नाही. त्यानं लेखी मागणी द्या म्हणलं, ती काही आली नाही, २५,००० ची पावती आली.

भाड्यानं द्यायचा असेल तर एवढी भानगड नाही. परवानगी नाही, फक्त माहिती द्यायची, ८ दिवस आधी, भाडेकराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडून. नॉन ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याची फी, मात्र लागते, तीही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे मेंटेनन्स २,००० असून त्यात सर्व्हिस चार्जेस १,४०० असतील तर महिन्याला १४०, पूर्ण २,००० वर २०० नव्हे.